मदत हवी आहे: रिझर्व्हवर गाडी चालवून फ्युएल पंप गेला असेल का?

राम राम मंडळी, गाडी पेट्रोलची आहे, चाळीसगावला असते आणि जास्त करून लहान भाऊच चालवतो. त्याची सवय अशी की पेट्रोलचा दिवा लागला तरी स्क्रीनवर ८० किमी दाखवतंय ना, मग चल. पण तो आकडा मागच्या अ‍ॅव्हरेजवरून काढलेला असतो, धुळे रोडवर सपाटीला १६ चं अ‍ॅव्हरेज पडलं आणि टाकीत ५ लिटर असलं तर ८० दाखवणारच, तेच कन्नड घाट चढताना ८ वर आलं की तेवढ्याच पेट्रोलात ४० सुद्धा कसेबसे जातात. परवा तसंच झालं, घाटातच आकडा भराभर उतरला, नंतर नुसत्या रेघा आल्या आणि झटके देत गाडी बंद पडली.

पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, कोरडा फिरला की तापतो न घासतो हे माहितीये, त्यात आपल्याकडचं ऊन.

आता टाकी अर्ध्याच्या वर आहे तरी चावी फिरवली की मागच्या सीटखालून बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, सकाळी स्टार्टर लांब मारावा लागतो आणि चढाला पिकअप नाही. मेकॅनिक सरळ पूर्ण पंप बदला म्हणतोय. मला वाटतं आधी गेज लावून प्रेशर बघावं, कारण तळाचा गाळ ओढून जाळी चोंदली असेल तरी हीच लक्षणं येतात. कोणी नुसती जाळी बदलून आवाज गेलाय का? आणि जळगाव-धुळ्याकडे प्रेशर नीट मोजून देणारं कोणी आहे का?