मदत हवी आहे: कापलेल्या फोटोत हेडच्या कडेचं हिरवं कसं घालवू?

मंडळी, 2023 च्या वर्ल्ड कप फायनलची जखम अजून ओली आहे. आमच्या ग्रुपात एकजण म्हणतो, ट्रॅव्हिस हेडच्या 137 धावांपेक्षा त्याने मागे धावत घेतलेला रोहितचा झेल जास्त छळतो. म्हणून मीम करतोय: म्हापशाच्या बाजारात मासेवालीच्या हातातून बांगडा उसळलाय आणि हेड सूर मारून तोही झेलतोय. खाली ओळ, "हा तरी सोड रे बाबा!"

हेड मोबाईलवरच कापला. पण पिवळ्या जर्सीच्या कडेला मैदानातल्या गवताची हिरवी झाक राहिलीय. खोडरबर फिरवला की बोटंच जातात, आणि झेलाच्या फोटोत बोटं गेली तर उरलं काय? कड एक-दोन पिक्सेल आत घेऊ, की फक्त कडेचा हिरवा रंग फिका करू?

दुसरं म्हणजे, झेल भर दुपारच्या उन्हातला, बाजारात ट्यूबलाइट. हेड हवेत तरंगतोय असं वाटतं. ओल्या लादीवर सावली किती धूसर ठेवू?

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला, आधीच फुटलेला आहे. मोठा मूळ फोटो शोधूनच पुन्हा कापावा का? "दुसरी टीम धर" हे सल्ले नकोत, ते घरी मिळतात.