सगळीकडे ±१०% घेतलं की किंमतच वर येणार

"प्रत्येक गृहीतक ±१०% हलवलं, टोर्नेडो चार्टमध्ये विक्री किंमत सगळ्यात वर आली, म्हणजे खरी जोखीम किमतीचीच."

इथे मी सहमत नाही. टोर्नेडो चार्ट म्हणजे एकेक गृहीतक हलवल्यावर नफा किती फिरतो ते आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, सगळ्यात लांब पट्टी वर. सगळ्यांना सारखीच टक्केवारी लावली की किंमत बहुतेक वेळा वर येतेच, कारण ती सबंध विक्रीच्या रकमेला गुणते. समजा १०,००० नग, किंमत १००, प्रतिनग बदलता खर्च ६०, स्थिर खर्च ३ लाख. नफा १ लाख. किंमत १०% हलवली की नफा ० ते २ लाख फिरतो, नग १०% हलवले तर फक्त ६० हजार ते १ लाख ४० हजार. पण यातून त्या गृहीतकाबद्दल आपल्याला किती खात्री आहे हे कुठे कळतं?

आता किंमत कराराने बांधलेली आहे, फार तर २% हलेल असं धरा. तिची पट्टी ८० हजार ते १ लाख २० हजार एवढीच उरते. मागणी मात्र ७,००० ते १२,००० कुठेही जाऊ शकते, म्हणजे २० हजार तोटा ते १ लाख ८० हजार नफा. क्रम उलटला, शिवाय पट्टी डावीकडे जास्त लांब झाली, जी ±१०% मध्ये कधीच दिसली नसती. म्हणून प्रत्येक गृहीतकाची खालची-वरची मर्यादा त्या खात्याच्या माणसाला वेगवेगळी विचारा; "दहापैकी एकदाच याच्या खाली जाईल" असा आकडा मागितला की लोक बरं उत्तर देतात.

आणि किंमत वाढवल्यावर नग घटत असतील, तर या दोन पट्ट्या सुट्या वाचूच नका.