प्रतिसाद: जड तलवार आणि सावरण्याचा वेळ

"व्हिडिओ गेममध्ये जड तलवारीचा घाव मोठा, तरी मीच आधी का मरतो?"

कारण घाव चुकला तरी शस्त्र सावरेपर्यंत शत्रूचा वार चुकवायला लोळण घेता येत नाही, आणि बहुतेक खेळांत तोवर स्टॅमिनाही भरत नाही. 100 स्टॅमिना, जड घावाला 30 आणि लोळणीला 20 धरा. तीन घावांनंतर उरतात फक्त 10. मालवणात ओसरीवर बसून खेळताना माझ्या चुलतभावाचा तिसरा घाव नेहमी असाच अंगाशी येई. दोनच घाव मारून उरलेले 40 दोन लोळणींसाठी राखू लागल्यावर तो तगू लागला. खंजिराचे छोटे घाव लवकर सावरता येतात, पण शत्रूचा तोल ढळवायला मला जड शस्त्रच खात्रीचे वाटते.