मदत हवी आहे: तीनही उत्तरं सारखीच दिसतात, मग माझंच चूक का?

चिन्मय_एसवाय
परवा पेपर आहे, प्लीज लवकर सांगा. 'समवन इज लव्ह्ड बाय एव्हरीवन' याचं मी `∃x∀y L(x,y)` केलं, त्यावर फुली. शेजारच्या मित्राने `∃x∀y L(y,x)` लिहिलं, त्याला पूर्ण मार्क. सरांनी फळ्यावर तिसरंच लिहिलं, `∃y∀x L(x,y)`. अक्षरं इकडची तिकडे, बाकी फरक काय?

खडूस आजोबा
L म्हणजे काय?

चिन्मय_एसवाय
लव्ह. ते काय सांगायचं?

रेवा
ते कळलं रे. x चं y वर प्रेम, की y चं x वर? त्यावरच सगळं अवलंबून आहे.

चिन्मय_एसवाय
x चं y वर. प्रश्नातच दिलं होतं.

सदाशिवपेठी
सोप्पं आहे. वाक्यात जो शब्द आधी, त्याचं चिन्ह आधी. 'समवन' आधी आला की `∃` आधी, 'एव्हरीवन' आधी आला की `∀` आधी. आम्ही याच युक्तीवर पास झालो.

रेवा
पण त्याने `∃` आधीच लिहिलंय, तरी चुकलं! शिवाय ही युक्ती भरवशाची नाही. 'वॉचमनने एक चावी प्रत्येक घरी दिली.' 'एक' आधी आलं म्हणून एकच चावी घरोघर फिरली का?

सदाशिवपेठी
आमच्या सोसायटीत फिरते. गच्चीची.

रेवा
😄 चिन्मय, कागदावर तक्ता काढ. अमित, बानू, चारू अशी तीनच माणसं. प्रेम करणारे आडव्या ओळींत, ज्यांच्यावर प्रेम आहे ते उभ्या रकान्यांत. अमितचं बानूवर, बानूचं चारूवर, चारूचं अमितवर, अशा तीन खुणा कर. प्रत्येक ओळीत एक खूण आहे, म्हणजे 'प्रत्येकाचं कोणावर तरी प्रेम आहे', `∀x∃y L(x,y)`, खरं झालं. पण एकही रकाना पूर्ण भरलेला नाही. म्हणजे सगळ्यांचं जिच्यावर प्रेम आहे अशी एक व्यक्ती नाही, आणि सरांचं वाक्य इथे खोटं.

आता खुणा पुसून चारूचा रकाना पूर्ण भर. सरांचं वाक्य खरं झालं आणि प्रत्येक ओळीत आपोआप एक खूण आली. दुसऱ्यावरून पहिलं मिळतं, पहिल्यावरून दुसरं नाही.

तू लिहिलंस त्याला पूर्ण भरलेली *ओळ* लागते, म्हणजे सगळ्यांवर प्रेम करणारा एक कोणीतरी. वेगळंच वाक्य झालं. मित्राने x, y ची नावं सगळीकडे बदलली, पुढेही आणि L च्या कंसातही, म्हणून त्याचं आणि सरांचं एकच. तू पुढची बदललीस, कंसातली तशीच ठेवलीस.

डेटावाला
आमच्या ऑफिसात हाच घोळ झाला होता. साहेबांना सगळ्या शाखांनी मागवलेला माल हवा होता. नव्या मुलाने प्रत्येक शाखेने काही ना काही मागवलंय एवढंच तपासलं आणि 'हो' म्हणून मोकळा झाला. त्याला `NOT EXISTS` च्या पोटात `NOT EXISTS` लागतं: जी न मागवणारी एकही शाखा नाही अशी वस्तू. चिन्मय, तुम्हाला एसक्यूएल आहे का?

चिन्मय_एसवाय
पुढच्या सेमला.

शुद्धलेखन_प्रेमी
'प्रत्येकजण' जोडून लिहावं की 'प्रत्येक जण' असं तोडून, हेही एकदा ठरवा.

खडूस आजोबा
इथे कोणी लिहिलंय ते? मूळ वाक्याकडे या. मराठीतही 'प्रत्येकाचं कोणावर तरी प्रेम आहे' याचे दोन्ही अर्थ निघतात. 'वर्गात प्रत्येकाचं कोणावर तरी प्रेम आहे, आणि ती पहिल्या बाकावर बसते' असं आम्ही म्हणायचोच.

रेवा
ती गंमत होते, कारण ऐकणारा आधी वेगवेगळ्या व्यक्ती धरतो. 'कोणा ना कोणावर' म्हटलं तर तुमचं पुढचं वाक्य जोडताच येणार नाही.

खडूस आजोबा
मला तरी जोडता येतं.

चिन्मय_एसवाय
तक्त्याने कळलं, थँक्स रेवाताई. पण चारूचा रकाना भरताना चारूचं स्वतःवरही प्रेम धरलं ना? पुढचा प्रश्न 'बाकी सगळ्यांचं जिच्यावर प्रेम आहे अशी एक व्यक्ती आहे' असा आहे. तिथे काय?

रेवा
छान पकडलंस. स्वतःची खूण असो वा नसो, बाकीच्या हव्यात: `∃y∀x (x≠y → L(x,y))`. इथे बाणाच्या जागी `∧` घातलंस तर y च्या रकान्यात बाकी सगळ्यांच्या खुणा असूनही भागत नाही. 'सगळे x' मध्ये y स्वतःही येते आणि तिथे `x≠y` खोटं पडतं. मग ते वाक्य कुठल्याच तक्त्यात खरं होणार नाही.

चिन्मय_एसवाय
मी `∧` च लिहून ठेवलंय. 🤦