शब्दचर्चा : ‘कॅश’ला ‘साठा’ म्हणावं का?

गिरगावकर : लॅमिंग्टन रोडवर ‘थ्रीडी कॅशवाला’ प्रोसेसर सर्रास मागतात. लेखात ‘साठा’ लिहिलं तर चालेल? आणि एएमडीचा ७७००एक्स ५.४ गिगाहर्ट्झचा, ७८००एक्स३डी ५.०चा, मग काही गेममध्ये दुसरा इतका पुढे कसा?

रोहिणी_ठाणे : साधं आहे, साठा ३२ एमबीऐवजी ९६ एमबी. जास्त साठा म्हणजे सगळंच जलद.

अनंतराव : सगळंच नाही, रोहिणीताई. ‘साठा’मुळे हाच गैरसमज होतो. मूळ माल रॅममध्येच असतो, कॅशमध्ये नुकत्याच लागलेल्या मालाची नक्कल. रॅममधून आणायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात, एल३ कॅशमधून १०च्या आसपास. ५ गिगाहर्ट्झवर ८० नॅनोसेकंद म्हणजे प्रोसेसरच्या क्लॉकचे ४०० ठोके. क्लॉक वाढवला तरी रॅम लवकर येत नाही. त्याच वेळात वाया जाणारे ठोके तेवढे वाढतात.

हिशोबासाठी धरू की एक फ्रेम १० मिलिसेकंदांची आहे : ४ गणिताचे, ६ रॅमची वाट पाहण्याचे. क्लॉक १० टक्के वाढवला तर ४चे ३.६ होतात, ६ तसेच. सेकंदाला १०० फ्रेमच्या जागी जेमतेम १०४, म्हणजे १०४ एफपीएस. आता मोठ्या कॅशमुळे रॅमच्या निम्म्या फेऱ्या वाचल्या, तर ६मधले ३ उरतात आणि बाकीचे ३ आठव्या हिश्श्यावर, ०.४च्या आसपास येतात. एकूण ७.४, म्हणजे १३५ एफपीएस.

सौरभ_डोंबिवली : माझ्याकडे ३२ जीबी रॅम आहे, ती ६४ केली तर हेच होईल ना? ४के वर खेळतो, ग्राफिक्स कार्ड जुनं आहे.

अनंतराव : नाही सौरभ. रॅम पुरत असेल तर वाढवून ती जवळ येत नाही. आधी रिझोल्यूशन १०८०पी करून बघ. एफपीएस चढले तर अडकलंय कार्ड, आणि तिथे कॅशचा उपयोग नाही. जागचे हलले नाहीत तर प्रोसेसर. मग बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी बंद-चालू करून तोच प्रसंग पुन्हा मोज. रॅमचा वेग बदलल्यावर एफपीएस बरेच हलले, तर तो गेम कॅशचा भुकेला.

रोहिणी_ठाणे : मग फॅक्टोरिओ या कारखाना उभारायच्या गेममध्ये एवढा फरक का पडतो? आणि प्रत्येकाला सारखा का नाही?

अनंतराव : तिथे गेमच्या दर अपडेटला हजारो यंत्रं, पट्टे, हात यांची स्थिती वाचावी लागते. मध्यम कारखान्याची ही माहिती ९६ एमबीत बरीचशी मावते, ३२त नाही. कारखाना अवाढव्य झाला की ९६तूनही ओसंडते आणि फायदा झपाट्याने ओसरतो. छोटा कारखाना ३२तच मावत असेल, तर उलट जास्त क्लॉकवाला पुढे जातो.

गिरगावकर : म्हणजे ‘साठा’ बाद. ‘जवळनक्कल’?

रोहिणी_ठाणे : दुकानात कोणाला कळणार? ‘कॅश’च ठेवा. पण ‘मोठा कॅश’ की ‘मोठी’?

अनंतराव : मी ‘मोठी’ म्हणतो, मेमरीच्या चालीवर. दुकानात दोन्ही ऐकलंय.