मदत हवी आहे: पावतीतल्या १८० रुपयांच्या फरकाबद्दल शाळेला पत्र कसं लिहावं?

सांगलीतल्या एका शाळेची फी पावती. मूळ प्रत हरवली आहे, फक्त फोटो आहे. शिक्षण शुल्क १४,५००, सत्र शुल्क २,४००, संगणक १,८००, परीक्षा ६५०. बेरीज १९,३५० येते, पण छापील एकूण १९,५३० आहे. अक्षरी रक्कम आणि यूपीआय व्यवहारही १९,५३० चाच, म्हणजे एकूण आकडा फोटोत चुकीचा वाचलेला नाही.

फरक १८०, नऊने भाग जाणारा; दोन अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच, म्हणून एकूण रकमेत ३ आणि ५ ची अदलाबदल वाटते. पण फोटोत पावतीची खालची घडी दुमडली आहे. तिथे १८० ची डायरीची वगैरे ओळ असेल तर हिशेब बरोबरच ठरेल. म्हणून पत्रात थेट परतावा मागावा, की आधी पावती क्रमांक देऊन कार्यालयीन प्रतीची साक्षांकित नक्कल मागावी? नेमका मजकूर कुणी सुचवाल का?