एनसी करून गप्प बसलो, आता म्हणे मुदत गेली. हा कायदा की आरोपीची सोय?

पार्किंगपीडित: १२ जानेवारी २०२४ ला पार्किंगवरून शेजाऱ्याने शिवीगाळ करून मला मारलं. त्याच रात्री चौकीत एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, केली. पुढे पोलिसांकडून काही नाही. आता दीड वर्षाहून जास्त झाल्यावर एक ओळखीचे म्हणतात, ‘एक वर्ष उलटलं, कोर्ट दखल घेणार नाही.’ मार मी खाल्ला, पोलीस झोपले आणि सुटला तो?

सासवडकर: घाबरू नका. तुम्ही त्याच दिवशी तक्रार दिलीत ना? मग मुदत तिथेच थांबली. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये पाच न्यायाधीशांसमोर ठरवलंय की तक्रारीची तारीख धरायची, कोर्टाने दखल कधी घेतली ती नाही.

निवृत्त_शिरस्तेदार: सासवडकर, निकाल बरोबर, पण तो इथे लागू पडत नाही. त्यातली तक्रार म्हणजे कोर्टात दाखल केलेली फिर्याद. फिर्याद मुदतीत दिली आणि दंडाधिकाऱ्यांना दखल घ्यायला सहा महिने लागले, तर त्याची शिक्षा फिर्यादीला नको, एवढाच त्याचा अर्थ. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ मध्ये आता ते स्पष्टच लिहिलंय: कोर्टातल्या फिर्यादीची तारीख किंवा कलम १७३ खाली पोलिसांनी खबर नोंदवल्याची तारीख. एनसी १७३ खाली नसते, १७४ खाली असते. म्हणून माझ्या मते एनसीने घड्याळ थांबत नाही. तिच्यावर कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. पार्किंगपीडित, तुमचे पोलीस झोपले नव्हते हो, त्यांचे हात बांधलेले होते. तो आदेश मागायला किंवा स्वतः फिर्याद द्यायला तुम्हीच कोर्टात जायचं होतं. एनसीच्या कागदावर कलमं कोणती आहेत?

पार्किंगपीडित: जुन्या दंड संहितेची ३२३, म्हणजे मारहाण, आणि ५०४, म्हणजे अपमान. कोर्टात जायचं हे चौकीत कोणी सांगितलं नाही.

निवृत्त_शिरस्तेदार: मग तुमचे ओळखीचे अर्धंच बोलले. नुसता दंड असेल तर सहा महिने, एक वर्षापर्यंत कैद असेल तर एक वर्ष, तीन वर्षांपर्यंत असेल तर तीन वर्षं. ३२३ ला कैद एक वर्षापर्यंत, म्हणून एकट्या ३२३ ची मुदत जानेवारी २०२५ मध्ये संपली. पण ५०४ ला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणजे मुदत तीन वर्षं. दोन्ही गुन्हे एकत्र चालवता येत असतील तर जास्त शिक्षेच्या गुन्ह्याची मुदत सगळ्यांना लागते. तुम्हाला जानेवारी २०२७ पर्यंत वेळ आहे.

कोथरूडची_मीनल: हीच पळवाट मला खटकते. माझ्या भावावर अशीच फिर्याद आली, तीही अडीच वर्षांनी. कोण काय बोललं ते कुणालाच आठवत नव्हतं, सोसायटीचं फुटेज कधीच पुसलं गेलं होतं. भाऊ जागेवर नव्हता हे सिद्ध कशाने करायचं? मारहाणीला ‘शिवी दिली’ जोडलं की एकाची तीन वर्षं! मग मुदत ठेवलीच कशाला?

निवृत्त_शिरस्तेदार: तुमचा राग रास्त आहे, पण शिवी जोडली की ५०४ होत नाही. समोरचा चिडून शांतता भंग करेल अशा हेतूने अपमान केला, हे फिर्यादीत दिसावं लागतं. दंडाधिकाऱ्यांना ते दिसलं नाही तर उरतो ३२३, आणि तो मुदतबाह्य. शिवाय आता दखल घेण्याआधी आरोपीला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. मुदतीचा मुद्दा तिथेच काढायचा.

उगाचच_विचारतो: माझा चेक बाउन्स झालाय, नोटीस देऊन वर्ष झालं. मलाही तीन वर्षं मिळतील का?

निवृत्त_शिरस्तेदार: नाही. चेकच्या कायद्याची मुदत वेगळी आणि फार कडक. नोटीस मिळाल्यावर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत की पुढच्या एका महिन्यात फिर्याद. उशिराचं सबळ कारण असेल तर आजच वकील गाठा.

सासवडकर: पण मुदत गेली तरी कोर्ट माफ करू शकतं ना? न्यायासाठी आवश्यक, असं काहीतरी आहे.

निवृत्त_शिरस्तेदार: आहे. उशिराचं समाधानकारक कारण, किंवा न्यायासाठी आवश्यक. पण आरोपीला न ऐकता माफी देता येत नाही, आपल्याच राज्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने ते बजावलंय. आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण सहसा टिकत नाही. साहेबांपुढे असे अर्ज मीच ठेवायचो. कोण किती दिवस रुग्णालयात होता, कोणती तारीख का हुकली, याचा कागद लावलेले अर्जच तग धरायचे.

कोथरूडची_मीनल: म्हणजे पुन्हा सगळं दंडाधिकाऱ्यांच्या मनावर. एका कोर्टात माफी, शेजारच्यात नाही.

निवृत्त_शिरस्तेदार: ते नाकारत नाही.

पार्किंगपीडित: ससूनचा केसपेपर आहे, दोन टाके पडले होते. शिव्या शेजारच्या आजोबांनी ऐकल्या, पण ते आता मुलाकडे नाशिकला गेलेत. सोमवारी वकिलाकडे जातोय. मीनलताई, तुमच्या भावाचं काय झालं शेवटी?

कोथरूडची_मीनल: तारखा चालू आहेत.